अंतिम उत्तर तेच राहील

"कालच्या लेक्चरमध्ये रॉकेटचं समीकरण काढताना एक चूक झाली आहे. अंतिम उत्तर तेच राहील, पण ज्या वाटेने ते काढलं ती वाट बरोबर नाही."

टीएच्या, म्हणजे सरांच्या टीचिंग असिस्टंटच्या, ईमेलची सुरुवात या दोन वाक्यांनी होती. 'अंतिम उत्तर तेच राहील' इथपर्यंत वाचून वर्गातल्या बऱ्याच जणांनी तो बंद केला असणार. उत्तर तेच असेल तर वहीत खाडाखोड कशाला? परीक्षेत शेवटची ओळ लिहायची, खाली दोन रेघा मारायच्या, झालं. मी पुढे वाचत गेलो, कारण त्या डेरिव्हेशनमध्ये काहीतरी खटकलं होतं आणि काय ते हाताला लागत नव्हतं. पहिल्या वर्षाच्या यांत्रिकीतला तो ईमेल मी अजून जपून ठेवलाय. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर तो पुन्हा काढून वाचला, तेव्हा त्यातली खरी मेहनत कळली. उत्तर चुकलं की दुरुस्ती सोपी असते, चुकीचा आकडा खोडायचा आणि बरोबर लिहायचा. उत्तर बरोबर आणि वाट चुकीची असली, की ती चूक आहे हे पटवण्यातच निम्मा जीव जातो.

सर उत्तम शिकवायचे. पण तास संपायला दहा मिनिटं उरली की फळ्यावरचा वेग वाढायचा. त्या दिवशी फळ्यावर उतरलेल्या पाच ओळी अशा होत्या:

```
1.  F = dp/dt = d(mv)/dt
2.  F = m dv/dt + v dm/dt
3.  F = 0  =>  m dv/dt = -v dm/dt
4.  m dv/dt = -u dm/dt
5.  v = v0 + u ln(m0/m)
```

इथे m म्हणजे त्या क्षणी रॉकेटचं वस्तुमान, आतल्या इंधनासकट. v म्हणजे रॉकेटचा वेग, m0 आणि v0 म्हणजे ते दोन्ही सुरुवातीला, आणि p म्हणजे संवेग, mv. अवकाशात, गुरुत्वाकर्षणापासून दूर, बाहेरून कुठलंच बल नाही, म्हणून F शून्य. तिसऱ्या ओळीवरून चौथीवर जाताना सर म्हणाले, "हा v म्हणजे मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग, त्याला आपण u म्हणू." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि u लिहिलं. पाचवी ओळ पुस्तकातल्याशी जुळली, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच उरलं नाही.

ईमेलमध्ये टीएने आधी हा सांधा उचकटला. दुसऱ्या ओळीतला v गुणाकाराच्या नियमाने आलाय. mv चं अवकलन केलं म्हणून तो तिथे आहे, आणि mv मधला v रॉकेटचा होता. दोन ओळी खाली तोच v अचानक वायूचा कसा होईल? अक्षर तेच, अर्थ बदलला. आणि अर्थ बदलला नाही तर काय होतं, हेही तिने पुढच्याच वाक्यात दाखवलं होतं. तिसरी ओळ आहे तशी सोडवली तर mv कायम राहतं. रॉकेट सुरुवातीला उभं असेल, तर सुरुवातीला mv शून्य. मग ते कायम शून्यच. म्हणजे टाकीतलं सगळं इंधन जाळलं तरी रॉकेट जागचं हलणार नाही. फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीचा सरळ अर्थ हा होता, आणि चौथ्या ओळीत अक्षर बदललं म्हणून तो झाकला गेला.

इथे थांबली असती तरी ईमेल चांगलाच म्हणावा लागला असता. पण अक्षर बदललं हे फक्त लक्षण होतं. मुळात दुखणं पहिल्या ओळीत होतं, आणि ते गणिताचं नव्हतं. गुणाकाराचा नियम अगदी बरोबर लावला होता, म्हणून तर नजर तिथे अडत नाही. बल म्हणजे संवेगाच्या बदलाचा दर, हा न्यूटनचा नियम पदार्थाच्या ठरलेल्या समूहासाठी आहे. ज्या कणांचा संवेग आत्ता मोजला, त्याच कणांचा संवेग क्षणभराने मोजायचा आणि फरक काढायचा. रॉकेटच्या बाबतीत आत्ता इंधनासकट मोजलं आणि क्षणभराने बाहेर गेलेला वायू हिशोबातून वगळला, तर तो वायू सोबत घेऊन गेलेला संवेगही वगळला जातो. मग जो फरक निघतो त्याचा बाहेरच्या बलाशी काही संबंध राहत नाही. थोडासा ऐवज घेऊन माणूस घराबाहेर पडला आणि आपण घरातला ऐवज मोजून चोरी झाली म्हणून ओरडायचं, तसला प्रकार.

मग तिने बरोबर वाट दिली होती, आणि तीही घाई न करता. क्षण t ला वस्तुमान m, वेग v. थोड्या वेळाने, dt इतक्या, वस्तुमान m + dm आणि वेग v + dv. इथे तिने एक ओळ ठळक केली होती: dm ही रॉकेटच्या वस्तुमानातली *वाढ* आहे, आणि रॉकेट हलकं होत असल्यामुळे ती ऋण आहे. म्हणून बाहेर पडलेल्या वायूचं वस्तुमान -dm. त्या वायूचा जमिनीवरून मोजलेला वेग w मानू. आता आधीचा आणि नंतरचा संवेग, दोन्हीकडे तेच कण धरून:

```
आधी:   m v
नंतर:   (m + dm)(v + dv) + (-dm) w
फरक:   m dv + (v - w) dm = F dt
```

फरक काढताना dm dv हे पद सोडून दिलंय, कारण ते दोन अतिसूक्ष्म राशींचा गुणाकार आहे आणि dt शून्याकडे नेला की इतर पदांच्या तुलनेत तेही नाहीसं होतं. उरलेल्या समीकरणात v - w आपोआप आलाय. रॉकेटचा वेग वजा वायूचा वेग, म्हणजे रॉकेटवर बसून पाहिलं तर वायू ज्या वेगाने मागे जाताना दिसतो तो वेग. हाच u. तो कुणी बाहेरून आणून बसवलेला नाही, हिशोब पुरता केला म्हणून तो आला. F शून्य ठेवला की चौथी ओळ मिळते, आणि पुढे पाचवी.

चिन्हांबद्दलची ती ठळक ओळ मला तेव्हा किरकोळ वाटली होती. आता उत्तरपत्रिका तपासताना कळतं की या डेरिव्हेशनमध्ये सगळ्यात जास्त पाय तिथेच घसरतात. अर्ध्या वाटेपर्यंत dm म्हणजे फेकलेला वायू, धन. पुढे अवकलनाच्या वेळी dm म्हणजे रॉकेटच्या वस्तुमानातला बदल, ऋण. शेवटी लॉगॅरिदमच्या आत m/m0 की m0/m असा गोंधळ होतो, आणि मग उत्तर माहीत असतं म्हणून चिन्ह हळूच फिरवलं जातं. ओळखायचं कसं? निम्मं वस्तुमान जाळून संपलं असं धरा. u सेकंदाला 3000 मीटर असेल तर वेगातली वाढ 3000 × ln 2, म्हणजे सुमारे 2080 मीटर प्रतिसेकंद यायला हवी. तुमच्या सूत्रातून -2080 आलं तर रॉकेट वायूच्याच दिशेने निघालंय.

ईमेलचा सगळ्यात चांगला भाग यानंतरचा. मला वाटतं, तिने तो लिहिला नसता तर चूक वर्गातून गेली नसती, नुसती दबा धरून बसली असती. तिने रॉकेट बाजूला ठेवलं आणि एक गाडी घेतली. रुळांवर घर्षणाशिवाय चालणारी गाडी, स्वतःचं वस्तुमान 100 किलो, आत 100 किलो वाळू, वेग सेकंदाला 4 मीटर. तळाला एक भोक आहे आणि त्यातून वाळू हळूहळू खाली सांडते आहे. वाळू सगळी सांडली की गाडीचा वेग किती?

सरांच्या दुसऱ्या ओळीने सोडवा. बाहेरचं आडवं बल नाही, म्हणून mv कायम. वस्तुमान निम्मं झालं, म्हणून वेग दुप्पट, 8 मीटर प्रतिसेकंद. आमच्यातल्या अनेकांना हे पटलंही असतं. संवेग अक्षय्य आहे, वजन कमी झालं, वेग वाढला, ऐकायला छान वाटतं.

आता तिने म्हटलं, हीच गाडी तिच्या बाजूने तितक्याच वेगाने, सेकंदाला 4 मीटरने जाणाऱ्या माणसाच्या नजरेने बघा. त्याच्या दृष्टीने गाडी उभी आहे. उभ्या गाडीचा mv शून्य, तो कायम शून्य, म्हणजे वाळू सांडून संपली तरी गाडी त्याच्यासाठी उभीच. त्याच्यासाठी उभी म्हणजे जमिनीवरच्या माणसासाठी सेकंदाला 4 मीटर. एकाच सूत्राने एकाच गाडीचे दोन वेग दिले, 8 आणि 4. दोघंही निरीक्षक एकसमान वेगाने जात आहेत, त्यामुळे नियम दोघांनाही सारखेच लागू. मग बिघाड सूत्रातच असला पाहिजे.

ही कसोटी मला फार आवडते, कारण तिला बरोबर उत्तर आधी माहीत असावं लागत नाही. दुसऱ्या ओळीकडे या नजरेने पाहिलं की दोष उघड दिसतो. डावीकडचं बल आणि m dv/dt हे पद कुणीही पाहिलं तरी तेच राहतात, पण v dm/dt मधला v बघणाऱ्याच्या वेगाप्रमाणे बदलतो. समीकरणातलं एकच पद बघणाऱ्यावर अवलंबून असेल आणि बाकीची नसतील, तर ते समीकरण सगळ्यांसाठी खरं असूच शकत नाही. बरोबर समीकरणात v - w आहे. दोन वेगांची वजाबाकी. निरीक्षक बदलला तर दोन्ही सारखेच बदलतात आणि फरक तसाच राहतो.

वाळूच्या गाडीत सांडणारा कण भोकातून सुटताना गाडीच्याच वेगाने पुढे जात असतो. म्हणजे w = v, फरक शून्य, m dv/dt शून्य. वेग 4 चा 4 च. सुटलेल्या कणाला गाडीने ढकललं नाही, त्यानेही गाडीला ढकललं नाही, मग गाडीचा वेग बदलायचा कशाने?

इतक्यावर एखादा चलाख विद्यार्थी म्हणणार, आणि आमच्या वर्गात एकाने सगळ्यांना उत्तर पाठवून म्हटलंच, की मग पुस्तकात गाडीत पाऊस पडण्याचं जे गणित आहे ते mv कायम धरून सोडवलंय, ते कसं चालतं? प्रश्न रास्त होता. 100 किलोची उघडी गाडी सेकंदाला 4 मीटरने जाते आहे, वरून सरळ खाली पाऊस पडून तिच्यात 100 किलो पाणी साठलं, तर वेग 2 होतो. हे उत्तर अगदी बरोबर आहे आणि ते दुसऱ्या ओळीने मिळतं.

टीएचं उत्तर दोन ओळींचं होतं. पावसाचा आडवा वेग शून्य, म्हणजे w = 0. बरोबर समीकरणात w च्या जागी शून्य टाका, दुसरी ओळच मिळेल. म्हणजे सरांनी लिहिलेलं सूत्र सर्वस्वी खोटं नाही. येणारा किंवा जाणारा पदार्थ जमिनीच्या दृष्टीने स्थिर असेल, त्या एका खास परिस्थितीचं ते सूत्र आहे, आणि तेही जमिनीवर उभ्या माणसासाठीच. ही चूक इतकी चिवट का, याचं उत्तर मला इथे मिळालं. पावसाच्या गाडीत ते सूत्र चालतं. रॉकेटमध्ये अक्षर बदलून चालवून घेता येतं. मग विद्यार्थ्याच्या डोक्यात ते 'वस्तुमान बदलत असेल तेव्हाचा न्यूटनचा नियम' म्हणून पक्कं बसतं, आणि वाळूच्या गाडीत फसतं.

बदलत्या वस्तुमानाच्या वस्तूंचं गणित इव्हान मेश्चेर्स्कीने 1897 च्या आपल्या प्रबंधात नीट मांडलं होतं, आणि त्सिओल्कोव्हस्कीचं रॉकेटचं समीकरण 1903 मध्ये छापून आलं. म्हणजे यात नवीन काही नव्हतं. तरी गल्लत होत राहते, आणि ती पहिल्या वर्षाच्या वर्गातच होते असंही नाही. 13 जानेवारी 1920 च्या न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखांच्या पानावर रॉकेटवर काम करणाऱ्या रॉबर्ट गॉडार्डची टर उडवली होती. निर्वात पोकळीत रॉकेटला रेटा द्यायला मागे काही नसतं, आणि क्रिया-प्रतिक्रियेची ही साधी गोष्ट या प्राध्यापकाला ठाऊक नाही, असा त्याचा सूर होता. अपोलो 11 निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 17 जुलै 1969 ला, त्यांनी दुरुस्ती छापली. रॉकेट निर्वात पोकळीतही चालतं हे आता सिद्ध झालंय, चुकीबद्दल खेद वाटतो, असा तिचा मथितार्थ. वाचायला ती दुरुस्ती मजेदार आहे. पण मूळ युक्तिवाद कुठे फसला, हे तिच्यात नाही. रॉकेट रेटा देतं ते स्वतःच्याच वायूला, मागच्या हवेला नाही, हे एक वाक्य घातलं असतं तर वाचकाच्या पदरात काही पडलं असतं. निष्कर्ष बदलला, विचार तसाच राहिला, अशी ती दुरुस्ती आहे. आमच्या टीएच्या ईमेलमध्ये नेमकं उलट होतं, निष्कर्ष तोच आणि विचार बदललेला.

व्यवहाराचा भाग तिने शेवटी दोन वाक्यांत उरकला होता. गृहपाठातला दुसरा प्रश्न वाळूच्या गाडीचा होता, तो पुन्हा देण्यासाठी दोन दिवस वाढवून मिळाले. ज्यांनी फळ्यावरची दुसरी ओळ वापरून आधीच उत्तरं दिली होती, त्यांचे गुण कापणार नाही, पण परीक्षेत ही सवलत नसेल. "सरांशी बोलून हा ईमेल पाठवत आहे" एवढाच सरांचा उल्लेख होता. चूक कुणाची, घाई का झाली, असलं काही नाही. मला ते योग्य वाटलं. पुढच्या तासाला सर आले तेव्हा त्यांनीही सारवासारव केली नाही, फळ्यावर वाळूची गाडी काढली आणि विचारलं, "बोला, वेग किती?"

ईमेलच्या तळाशी तिने एक गणित टाकलं होतं, ऐच्छिक, गुण नाहीत. गाडीत वरून सेकंदाला 2 किलो पाऊस पडतो आहे आणि तळाच्या भोकातून सेकंदाला 2 किलोच पाणी गळतं आहे. गाडी आणि पाणी मिळून वस्तुमान 200 किलो, ते बदलत नाही. सुरुवातीचा वेग सेकंदाला 4 मीटर. 100 सेकंदांनी किती?

दुसरी ओळ वापरली तर काम झटपट होतं. dm/dt शून्य, F शून्य, म्हणून dv/dt शून्य, वेग 4 च राहणार. वस्तुमान बदलतच नाही म्हटल्यावर बदलत्या वस्तुमानाची काळजी कशाला, असंच कुणालाही वाटेल. मीही आधी तिथेच रेंगाळलो. पण आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारं पाणी वेगवेगळं मोजलं की चित्र पालटतं. येणाऱ्या पाण्याला आडवा वेग नाही, त्याला गाडीच्या वेगापर्यंत आणण्याचं काम गाडीला करावं लागतं. जाणारं पाणी गाडीच्याच वेगाने जातं, ते गाडीला काही परत देत नाही. म्हणून

```
m dv/dt = -r v
v = v0 e^(-r t / m)
```

r म्हणजे सेकंदाला 2 किलो. 100 सेकंदांनी घातांक बरोबर -1 होतो आणि वेग 4/e, म्हणजे साधारण 1.47 मीटर प्रतिसेकंद उरतो. निम्मा तर तो 69 सेकंदांतच होतो. घर्षण नाही, वस्तुमान तेवढंच, बाहेरून आडवं बल नाही, आणि गाडी मंदावत चालली आहे.

मग गाडीचा संवेग गेला कुठे, असा प्रश्न त्या चलाख मुलाने पुन्हा सगळ्यांना पाठवून विचारला. या वेळी टीएच्या आधी दुसऱ्याच एका मुलीने उत्तर दिलं: भोकातून पडलेलं पाणी रुळांमध्ये पडल्यावरही गाडीच्या दिशेने पुढे वाहत असणार, तेही मोज.